पगाराच्या स्लिपवरच्या टीडीएसवरून वर्षाचा पगार कसा काढायचा

पगाराची स्लिप हातात आली की बहुतेक जण एकूण पगाराचा आकडा बघतात, त्याला बाराने गुणतात आणि वार्षिक पगार कळला असं समजतात. पगाराचे हिशेब करणाऱ्या माणसाची नजर आधी कपातीच्या रकान्यात, ‘टीडीएस’ किंवा ‘इन्कम टॅक्स’ लिहिलेल्या ओळीवर जाते. एकूण पगाराचा आकडा फक्त त्या महिन्याचा असतो. टीडीएसमध्ये मात्र कंपनीने बांधलेला सबंध वर्षाचा अंदाज दडलेला असतो. मार्चमध्ये मिळणारा बोनस, कंपनीच्या गाडीचं करपात्र मूल्य, मध्येच झालेली पगारवाढ या सगळ्याचा अंश त्या एका आकड्यात येतो. तो आकडा उलटा सोडवत गेलं की वर्षाचा पगार हाती लागतो.

उलटा हिशेब करण्याआधी सुलटा कसा होतो ते बघू. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ नुसार पगार देणाऱ्याने कर्मचाऱ्याचं वर्षभराचं अंदाजे उत्पन्न धरायचं, त्यावरचा वर्षाचा कर काढायचा आणि तो महिन्यांवर वाटून कापायचा. एखाद्या महिन्यात कमी-जास्त कापला गेला, तर त्याच वर्षातल्या पुढच्या महिन्यांत तो जुळवून घ्यायची मुभाही त्याच कलमात आहे. म्हणून दर महिन्याला पगाराचं सॉफ्टवेअर एकच भागाकार करतं: वर्षाच्या करातून आतापर्यंत कापलेला कर वजा करायचा आणि उरलेल्या रकमेला उरलेल्या महिन्यांनी भागायचं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ज्या चुका होतात त्यातल्या निम्म्या हे विसरल्यामुळे होतात.

या लेखातले सगळे हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ चे आहेत, आणि मुख्यतः नव्या करप्रणालीचे आहेत. दुसऱ्या वर्षाची स्लिप असेल तर त्या वर्षाचे टप्पे घ्यावे लागतील. रीत तीच राहते.

पहिली पायरी: वर्षाचा कर

स्लिप एप्रिलची असेल, किंवा एप्रिलपासून दर महिन्याला टीडीएस तेवढाच असेल, तर बाराने गुणा. विषय संपला. नसेल, तर स्लिपवर ‘वायटीडी’ म्हणून वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज दाखवणारा रकाना शोधा. मागच्या महिन्यापर्यंत कापलेला कर घ्या. या महिन्याचा टीडीएस, या महिन्यासकट मार्चपर्यंत उरलेल्या महिन्यांनी गुणा आणि त्यात मिळवा. नोव्हेंबरची स्लिप असेल तर उरलेले महिने पाच: नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. चालू महिना मोजायचा राहून जातो, तेवढं सांभाळा.

दुसरी पायरी: सेस काढून टाकणं

करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण सेस बसलेला असतो. म्हणून आलेल्या रकमेला १.०४ ने भागायचं. इथे ४ टक्के वजा करू नका. १०० रुपयांवर ४ चढवले की १०४ होतात, पण १०४ चे ४ टक्के वजा केले तर १०० उरत नाहीत, ९९.८४ उरतात. फरक किरकोळ वाटतो, पण पुढच्या पायरीत तो पाच-सहापट होऊन समोर येतो.

तिसरी पायरी: टप्प्यांची शिडी उतरणं

नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढे दर ४ लाखांना दर ५ टक्क्यांनी चढतो: ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, मग १५, २०, २५, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. प्रत्येक पायरीच्या टोकाला एकूण कर किती होतो हे एकदा लिहून ठेवलं की काम सोपं होतं. १२ लाखांवर ६०,००० होतात, १६ लाखांवर १,२०,०००, २० लाखांवर २,००,००० आणि २४ लाखांवर ३,००,०००.

सेस काढलेला कर कोणत्या दोन टोकांच्या मध्ये बसतो ते बघायचं. खालच्या टोकाचा कर वजा करायचा, उरलेल्याला त्या पायरीच्या दराने भागायचं आणि खालच्या टोकाचं उत्पन्न त्यात मिळवायचं. हे झालं करपात्र उत्पन्न.

चौथी पायरी: स्टँडर्ड डिडक्शन परत मिळवणं

नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. ती कर काढण्याआधीच वजा झालेली असते, म्हणून शेवटी परत मिळवायची.

आता एक स्लिप घेऊ. महिना जुलै, टीडीएस १२,५६७ रुपये, आणि एप्रिलपासून तेवढाच. बाराने गुणल्यावर १,५०,८०४ रुपये येतात. १.०४ ने भागलं की १,४५,००४. हा आकडा १,२०,००० आणि २,००,००० च्या मध्ये आहे, म्हणजे आपण २० टक्क्यांच्या पायरीवर आहोत. १,२०,००० वजा केल्यावर २५,००४ उरतात. त्याला ०.२० ने भागलं की सुमारे १,२५,०२०. त्यात १६ लाख मिळवले की १७,२५,०२०, आणि ७५,००० मिळवले की १८,००,०२०. वर्षाचा पगार १८ लाख. वरचे वीस रुपये हे स्लिपवरचा टीडीएस पूर्ण रुपयात लिहिल्यामुळे आलेत. या पायरीवर महिन्याच्या टीडीएसमधला एक रुपया वार्षिक पगारातल्या जवळपास ५८ रुपयांएवढा असतो. तेव्हा उत्तर शंभरातल्या आकड्यात घासूनपुसून देऊ नका. ‘सुमारे १८ लाख’ म्हणणंच बरोबर.

खरी गंमत यानंतर आहे. याच स्लिपवर महिन्याचा एकूण पगार १,३०,००० लिहिलेला आहे असं समजा. बारा महिन्यांचे १५,६०,००० होतात. टीडीएस मात्र १८ लाख सांगतो. मधले २,४०,००० कुठले? बहुधा वर्षातून एकदा मिळणारा बोनस किंवा कामगिरीवरचा हप्ता, जो कंपनीने एप्रिलपासूनच अंदाजात धरला आहे. नाहीतर रोख हातात न येणारी पण करपात्र असलेली एखादी सोय, जसं कंपनीचं घर. नुसत्या बाराच्या गुणाकाराने हे कधीच दिसलं नसतं. सगळ्या कंपन्या असं करत नाहीत हेही सांगायला हवं. काही ठिकाणी बोनस हातात पडेपर्यंत तो अंदाजात घेत नाहीत आणि त्या महिन्यात एकदम मोठा कर कापतात. म्हणून टीडीएसमधून निघालेला पगार आणि बारापट एकूण पगार तंतोतंत जुळले, तर ‘बोनस नाही’ असा अर्थ काढू नका. ‘बोनस अजून धरलेला नाही’ एवढंच म्हणता येतं.

जिथे शिडी फसवते

वरच्या रीतीत एक खड्डा आहे आणि त्यात चांगले हिशेबनीस पडलेले मी पाहिलेत. समजा एप्रिलपासून टीडीएस २,६०० रुपये आहे. वर्षाचा कर ३१,२००, सेस काढून ३०,०००. शिडी म्हणते की हे ८ ते १२ लाखांच्या पायरीवर आहे. ८ लाखांवरचा कर २०,०००, उरले १०,०००, दर १० टक्के, म्हणून करपात्र उत्पन्न ९ लाख आणि पगार ९,७५,०००. दिसायला उत्तर नीटनेटकं आहे, पण साफ चुकीचं.

कारण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ खाली ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळते आणि कर शून्य होतो. ९,७५,००० पगाराच्या माणसाचा टीडीएस कापलाच जाणार नाही. मग हे २,६०० आले कुठून? ते १२ लाखांच्या जरा वरून आले. तिथे मार्जिनल रिलीफ लागू होतो. उत्पन्न १२ लाखांच्या वर जेवढं गेलं असेल त्यापेक्षा जास्त कर घेत नाहीत. नाहीतर एक रुपया जास्त कमावणाऱ्याला ६०,००० कर भरावा लागला असता. म्हणून या पट्ट्यात सेसपूर्वीचा कर हीच १२ लाखांच्या वरची रक्कम. आपल्या उदाहरणात करपात्र उत्पन्न १२,३०,००० आणि पगार १३,०५,०००. चुकीच्या उत्तरापेक्षा ३,३०,००० ने जास्त.

हा पट्टा साधारण १२,७०,५८८ रुपये करपात्र उत्पन्नापर्यंत चालतो. तिथे नेहमीचा करही ७०,५८८ च येतो आणि पुढे शिडी पुन्हा लागू होते. महिन्याच्या भाषेत सांगायचं तर वर्षभर सारखा कापलेला टीडीएस ६,११८ रुपयांच्या खाली असेल, तर शिडी बाजूला ठेवा आणि सेसपूर्वीच्या करात सरळ १२ लाख मिळवा. या पट्ट्यात कर उत्पन्नाबरोबर रुपयाला रुपया चढतो, त्यामुळे इथला अंदाज सर्वांत नेमका निघतो. आणि टीडीएस शून्य असेल तर पगार १२,७५,००० किंवा त्याच्या आत आहे, एवढंच. तो ५ लाख आहे की १२ लाख, हे टीडीएस सांगू शकत नाही.

संगणकावर हे वारंवार करायचं असेल तर एक सूत्र पुरतं. `B1` मध्ये सेस काढलेला वर्षाचा कर ठेवा:

```
=75000+IF(B1<70588,1200000+B1,
 IF(B1<=120000,1200000+(B1-60000)/0.15,
 IF(B1<=200000,1600000+(B1-120000)/0.2,
 IF(B1<=300000,2000000+(B1-200000)/0.25,
 2400000+(B1-300000)/0.3))))
```

करपात्र उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल तोवर हे चालतं. त्यापुढे सरचार्ज लागतो. त्या टोकाला महिन्याचा टीडीएस ९३,६०० असतो, त्याहून मोठा आकडा दिसला तर हे सूत्र वापरू नका.

मध्येच पगार वाढला तर

बाराने गुणायची घाई सर्वांत महाग पडते ती इथे. एका बाईंचा पगार एप्रिलपासून महिना १,२०,००० होता. कंपनीने वर्षाचे १४,४०,००० धरून महिन्याला ७,३४५ रुपये टीडीएस कापला. ऑक्टोबरपासून पगार १,५०,००० झाला. आता वर्षाचा पगार सहा महिने जुना आणि सहा महिने नवा मिळून १६,२०,००० होतो. त्यावरचा कर सेससह १,१६,२२०. सप्टेंबरपर्यंत ४४,०७० कापून झालेत. उरले ७२,१५०, महिने सहा, म्हणून ऑक्टोबरपासून टीडीएस १२,०२५.

आता तुमच्या हातात फक्त नोव्हेंबरची स्लिप आहे. १२,०२५ ला बाराने गुणून शिडी उतरलात तर पगार १७,६८,७५० येतो. हा आकडा कशाचाच नाही. या वर्षी मिळणारा पगार १६,२०,००० आहे आणि नव्या दराने पूर्ण वर्षाचा पगार १८,००,००० आहे. तुमचं उत्तर दोघांच्या मध्ये लटकतंय, कारण आधीच्या सहा महिन्यांत कमी कापलेला करही पुढच्या सहांत वसूल होतोय.

पहिल्या पायरीतली रीत वापरली तर असं होत नाही. ऑक्टोबरपर्यंतची कपात ४४,०७० अधिक १२,०२५, म्हणजे ५६,०९५. त्यात १२,०२५ पाच वेळा, म्हणजे ६०,१२५ मिळवा. बेरीज बरोबर १,१६,२२०. शिडी उतरलात की १६,२०,००० हाती येतात. नवा मासिक पगार हवा असेल तर वायटीडी रकान्यातला सप्टेंबरपर्यंतचा पगार ७,२०,००० त्यातून वजा करा. उरलेले ९,००,००० सहा महिन्यांचे, म्हणून महिना १,५०,०००. स्लिपवर वायटीडी नसेल तर वाढीच्या आधीच्या महिन्याची एक स्लिप मागून घ्या. एकट्या स्लिपवरून हा गुंता सुटत नाही.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेल्याचंही तसंच. नव्या कंपनीला आधीच्या पगाराचा तपशील फॉर्म १२बी मधून दिला नसेल, तर ती फक्त स्वतःच्या महिन्यांचा पगार धरते. मग टीडीएस फार कमी दिसतो, कधी शून्यही. ऑक्टोबरला रुजू झालेला, महिना दोन लाख घेणारा माणूस कंपनीच्या हिशेबात १२ लाखांचा असतो आणि त्याचा टीडीएस कापलाच जात नाही. म्हणून रुजू होण्याची तारीख स्लिपवर बघायची सवय लावून घ्या.

जुळलं नाही तर

एका पतसंस्थेच्या कर्जप्रकरणांत मी काही वर्षं अशा स्लिपा तपासून दिल्या. टीडीएस आणि पगार जुळला नाही की समिती लगेच ‘स्लिप बनावट’ म्हणायची. कधी ती खरंच तशी निघायची. स्लिप फुगवणारा पगाराचा आकडा वाढवतो, पण टीडीएस त्याच्या हिशेबात बसवायचं त्याला सुचत नाही. पण आधी दोन-तीन प्रश्न विचारणं माझ्या मते न्यायाचं आहे.

पहिला प्रश्न: करप्रणाली जुनी आहे का? २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते. जुन्या प्रणालीत टप्पे वेगळे आहेत. ५ लाखांवर कर १२,५००, १० लाखांवर १,१२,५००, पुढे ३० टक्के. आपला तोच १२,५६७ चा टीडीएस जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न सुमारे ११,०८,००० सांगतो. त्यात ५०,००० चं स्टँडर्ड डिडक्शन, महाराष्ट्रात असाल तर वर्षाचा २,५०० रुपये व्यवसायकर आणि ८०सी खालचे दीड लाख मिळवले की १३,१०,००० च्या आसपास येतो. घरभाड्याची सूट आणि गृहकर्जाचं व्याजही असेल तर खरा पगार सोळा-सतरा लाखांपर्यंतही असू शकतो. म्हणजे जुन्या प्रणालीत टीडीएसवरून फक्त किमान पगार निघतो. बाकीचं गुंतवणुकीचे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत पुरावे मागवले जातात आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांचा टीडीएस शेवटच्या दोन महिन्यांत एकदम उसळतो. जुन्या प्रणालीतल्या माणसाची मार्चची स्लिप अंदाजासाठी घेऊच नये.

दुसरा प्रश्न: दुसरीकडे कापलेला कर कंपनीला कळवला आहे का? ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२बीएए देऊन कर्मचारी बाहेर कापलेला टीडीएस किंवा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळी गोळा केलेला कर, कळवू शकतो आणि कंपनी पगारातून तेवढं कमी कापते. आपल्या १८ लाखवाल्याने एप्रिलच्या सुरुवातीला १२ लाखांची गाडी घेतली असं समजा. विक्रेत्याने १ टक्का, म्हणजे १२,००० रुपये टीसीएस घेतला. त्याने तो कळवला, तर महिन्याचा टीडीएस हजाराने उतरून ११,५६७ होतो आणि आपला हिशेब पगार १७,४२,००० च्या आसपास सांगतो. अठ्ठावन्न हजारांची तूट, आणि कारण दारात उभी असलेली गाडी. उलटही घडतं. एखादा कर्मचारी ठेवींवरचं व्याज कंपनीला कळवून त्यावरचा करही पगारातूनच कापून घेतो आणि हिशेबात पगार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

तिसरी गोष्ट पॅनची. कर्मचाऱ्याने कंपनीला पॅन दिलेला नसेल तर सरासरी दर आणि २० टक्के यांतल्या मोठ्या दराने कर कापला जातो. टीडीएस पगाराच्या बरोबर पाचव्या हिश्शाएवढा दिसला तर शिडी उतरू नका, आधी पॅनचा रकाना बघा.

आणि शेवटी, निघालेला आकडा ‘सीटीसी’, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, नव्हे. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद महिन्याच्या करपात्र पगारात येत नाहीत, म्हणून टीडीएसमध्ये त्यांचा मागमूस नसतो. १८ लाखांतला मूळ पगार ९ लाख धरला, तर निधीचे १२ टक्के म्हणजे १,०८,०००, आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ४३,०००. नेमणूकपत्रावरचा आकडा साडेएकोणीस लाखांच्या आसपास असेल. कंपनी एनपीएसमध्येही भर घालत असेल तर फरक आणखी वाढतो, कारण नव्या प्रणालीत मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतची ती रक्कम करातून वगळलेली असते. कुणी ‘माझं पॅकेज वीस लाख’ म्हणालं आणि टीडीएस अठरा सांगत असेल, तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे.